क्रिप्टोस्पोरिडियम आणि टॉक्सो: साधा जंतू, पण सीडी४ खाली गेला की का उसळतो

प्रश्न: माझ्या दादाला एचआयव्ही निघाला, सीडी४ फक्त ४१ आहे. दीड महिना जुलाब थांबत नाहीयेत, आता स्टूल टेस्टमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम निघालं. डॉक्टर म्हणतात हा जंतू कुणालाही होतो आणि आपोआप जातो. मग दादाचा का जात नाही, आणि याच्यावर पॉवरफुल औषध का देत नाहीत? शेजारच्या बेडवरच्या माणसाच्या मेंदूत टॉक्सो गेलाय, तोही असाच साधा जंतू म्हणे. आमच्या घरी मांजर आहे, दादालाही तसंच होईल का?

उत्तर:

ताई, डॉक्टर बरोबर बोलले, फक्त अर्धंच बोलले, राउंडच्या गडबडीत तेवढंच होतं बहुतेक. मी सरकारी हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं देतात तिथे, बरीच वर्षं काढलीयेत, त्यामुळे उरलेलं अर्धं सांगतो, जरा लांबेल.

दादाच्या पोटातला जंतू काही वेगळा, जास्त विषारी असा नाही. १९९३ साली अमेरिकेत मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून हाच जंतू गेला होता आणि चार लाखांच्या आसपास लोक आजारी पडले. पाणी तेच, जंतू तोच. बहुतेकांना आठ-पंधरा दिवस जुलाब झाले, पोटात मुरडा आला, आणि लोक परत कामाला लागले. जे दगावले त्यांच्यात बहुतेक एड्सचे पेशंट होते. म्हणजे जंतू कुठला यापेक्षा तो कुणाच्या पोटात गेला यावर सगळं ठरलं.

आता पोटात नेमकं काय होतं ते बघा. दूषित पाण्यातून किंवा हातावरून याची बारीकशी गोल अंडी आत जातात (अंडी म्हणजे जाड कवचातला जंतूच, शास्त्रात त्याला ऊसिस्ट म्हणतात), आकार चार ते सहा मायक्रॉन, म्हणजे आपल्या रक्तातल्या लाल पेशीपेक्षाही लहान. लहान आतड्यात कवच फुटतं, आतले जंतू बाहेर येतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशींना चिकटतात. चिकटतात म्हणजे काय तर पेशीचीच वरची पातळ त्वचा स्वतःभोवती ओढून घेतात आणि तिथेच बसतात, पेशीच्या अगदी काठावर, धड आत नाही धड बाहेर नाही. ही जागा लक्षात ठेवा, औषधाच्या बोलण्यात परत येणार आहे. तिथे बसून त्यांची संख्या वाढते आणि नवी अंडी तयार होतात, आणि ती दोन प्रकारची असतात. बहुतेक जाड कवचाची, ती संडासवाटे बाहेर जातात आणि दुसऱ्याला लागतात. पण पाचातलं साधारण एक पातळ कवचाचं असतं, ते बाहेर जाईपर्यंत थांबतच नाही, आतल्या आत फुटतं आणि त्याच माणसाच्या शेजारच्या पेशींना नव्याने लागण करतं. म्हणजे तुम्ही आजपासून दादाला कितीही शुद्ध पाणी दिलं तरी आतला फेरा चालूच राहू शकतो.

धडधाकट माणसात हा फेरा कोण तोडतं? तर सीडी४ पेशी, प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. यांचं काम बांधकामावरच्या मुकादमासारखं, स्वतः वीट उचलत नाही पण तो नसला की सगळे हात बांधून बसतात. जंतू शिरल्यावर आतड्याच्या अस्तरात सीडी४ पेशी जमतात आणि इंटरफेरॉन गॅमा नावाचा एक रासायनिक निरोप सोडतात. तो मिळाला की अस्तराची पेशी स्वतःच जंतूला आपल्यात वाढू देत नाही, बाकीच्या मारणाऱ्या पेशीही जाग्या होतात, आणि एकीकडे आतड्याचं अस्तर तसंही दर चार-पाच दिवसांनी नवं होत असतं, त्यामुळे लागण झालेल्या पेशी झडून जातात आणि नव्यांना लागण होत नाही. संपला विषय, यालाच आपण आपोआप बरा झाला म्हणतो.

एचआयव्हीत नेमका हाच दुवा तुटतो. आणि लोकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे एचआयव्ही रक्ताच्या आधी आतड्यावर हात मारतो. शरीरातल्या या पेशींचा मोठा साठा आतड्याच्या भिंतीतच असतो आणि लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच तिथल्या सीडी४ पेशींचा फडशा पडतो, तेव्हा माणूस अगदी ठणठणीत दिसत असतो. रक्तातला आकडा हळूहळू, वर्षानुवर्षं घसरतो. तुम्हाला ४१ हा रक्तातला आकडा दिसला, पण आतड्यातला पहारा त्याच्या खूप आधीच विरळ झालेला होता.

ढोबळमानाने सांगायचं तर सीडी४ दोनशेच्या वर असेल तर एचआयव्ही असूनही बहुतेकांचं क्रिप्टोस्पोरिडियम आपलं आपण जातं, जरा जास्त दिवस घेतं एवढंच. शंभरच्या खाली ते ठाण मांडून बसतं. पन्नासच्या खाली काही जणांना अक्षरशः पटकीसारखे पाण्याचे जुलाब होतात, दिवसाला दोन लिटरच्या वर पाणी जातं. दादा त्या शेवटच्या गटात आहे, म्हणून त्याचं जात नाहीये.

आता औषधाचं. या जंतूवर नायटाझॉक्सानाइड नावाची गोळी आहे, आपल्याकडे मेडिकलमध्ये सहज मिळते, आणि चांगल्या प्रतिकारशक्तीच्या माणसाला तिचा फायदाही होतो. पण २००२ साली झांबियातल्या लुसाका शहरातल्या मुलांवरचा एक अभ्यास छापून आला, जुलाब असलेली कुपोषित मुलं, स्टूलमध्ये हाच जंतू. एचआयव्ही नसलेल्या मुलांना गोळीने स्पष्ट फायदा झाला. एचआयव्ही असलेल्या मुलांत मात्र गोळी दिलेली आणि खोटी गोळी दिलेली यात फरकच दिसला नाही. नंतर डोस वाढवून, जास्त दिवस देऊन बघितलं तरी तेच. मघाशी म्हटलं ना जंतू पेशीच्या काठावर एका विचित्र जागी बसतो, तिथे औषध नीट पोचत नाही हे एक कारण असावं असं मानतात, पण मोठं कारण हे की औषध फक्त संख्या कमी करतं, उरलेलं पुसून काढायला सीडी४ लागतातच आणि इथे ते नाहीत. त्यामुळे डॉक्टरांनी गोळी लिहिली तर द्या, मी पण देतो, ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा जेवणासोबत चौदा दिवस, पण तिच्या भरवशावर बसायचं नाही. या आजाराचं खरं औषध म्हणजे एआरटी. १९९६ नंतर तीन औषधांची एआरटी आली आणि वर्षानुवर्षं न हटणारे हे जुलाब त्या गोळ्यांनी थांबायला लागले, जंतूवरचं एकही नवं औषध न देता. म्हणून तुम्ही विचारताय ते पॉवरफुल औषध दादाला देत नाहीत असं नाही, ते म्हणजे ती रोजची एक एआरटीची गोळीच, फक्त तिला वेळ लागतो.

एक केस सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. तिशीतला वेल्डर, चार महिन्यांत वजन ५६ वरून ३९ वर, दिवसाला बारा-पंधरा वेळा संडास, नुसतं पाणी, रक्त नाही, ताप नाही. बाहेर दोनदा स्टूल तपासलेलं, दोन्ही वेळा रिपोर्ट नॉर्मल. त्यावर मेट्रोनिडाझोल झालं, नॉरफ्लॉक्स झालं, परत मेट्रोनिडाझोल झालं. कुणाला एचआयव्ही तपासावंसं वाटलं नाही. आमच्याकडे आला तेव्हा सीडी४ २८.

स्टूल नॉर्मल का आलं? कारण साध्या तपासणीत हा जंतू दिसतच नाही, यीस्टसारखे गोल ठिपके म्हणून सुटून जातो. याला मॉडिफाइड अ‍ॅसिड फास्ट नावाचा रंग द्यावा लागतो, टीबीच्या थुंकीला देतात त्याचाच सौम्य भाऊबंद, मग हिरव्या किंवा निळ्या पार्श्वभूमीवर लालगुलाबी गोल अंडी उठून दिसतात. चिठ्ठीवर तसं लिहिलं नाही तर लॅबवाला तो रंग लावत नाही, त्याची चूक नाही त्यात. आणि अंडी रोज सारखी पडत नाहीत म्हणून तीन वेगवेगळ्या दिवसांची संडास पाठवायची. या वेल्डरची पहिली कोरी आली, दुसरीत सापडलं.

याच स्लाइडवर आणखी एक गोष्ट आम्ही हटकून शोधतो, ती म्हणजे सिस्टोआयसोस्पोरा, पूर्वी आयसोस्पोरा म्हणायचे. तोही लालच दिसतो, तोही असेच पाण्याचे जुलाब करतो, आपल्याकडे एचआयव्हीत चांगलाच आढळतो, पण त्याची अंडी लांबट आणि चार-पाच पट मोठी, वीस-तीस मायक्रॉनची. हा फरक महत्त्वाचा कशासाठी, तर तो जंतू कोट्रायमॉक्साझोल या सल्फाच्या साध्या गोळीने काही दिवसांत आटोक्यात येतो, आणि क्रिप्टोस्पोरिडियमला ती गोळी काहीही करत नाही. दोन्ही एकत्र असलेले पेशंटही असतात. तेव्हा दादाच्या रिपोर्टवर एकच नाव असलं तरी उद्या राउंडला विचारायला हरकत नाही की आयसोस्पोरा बघितलाय ना.

वेल्डरकडे परत येऊ. त्याला त्या क्षणी जंतूपेक्षा पाणी आणि पोटॅशियम मारणार होतं. पोटॅशियम २.३, म्हणजे हृदयाचे ठोके कधीही बिघडतील असं, पाय उचलवत नव्हते, घरच्यांना वाटलं लकवा मारला. क्रिएटिनिन २.२, कारण अंगात पाणीच नाही तर किडनी गाळणार काय. पहिले तीन-चार दिवस आम्ही फक्त सलाईन, त्यातून पोटॅशियम, तोंडाने ओआरएस आणि किती गेलं किती दिलं याचा हिशोब एवढंच केलं. नातेवाईक वैतागले, म्हणाले साहेब इलाज कधी सुरू करणार. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन ०.९ वर आलं. हे थांबणं मुद्दाम होतं, कारण आपल्या नेहमीच्या एआरटीच्या गोळीत टेनोफोविर असतं आणि ते कोरड्या पडलेल्या किडनीवर द्यायचं नसतं. किडनी सुधारल्यावर टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोलुटेग्रॅव्हिर यांची रोज एक गोळी सुरू केली, सरकारी सेंटरला फुकट मिळते तीच.

गोळी सुरू करायच्या आधी दोन गोष्टी तपासल्या, टीबी आणि क्रिप्टोकॉकसची रक्ततपासणी. इथे नातेवाइकांचा हमखास गोंधळ होतो कारण वॉर्डात दोन्हीला क्रिप्टोच म्हणतात. क्रिप्टोकॉकस ही बुरशी आहे, तिच्याने मेंदूच्या आवरणाला सूज येते, आणि तशी सूज असेल तर एआरटी चार ते सहा आठवडे लांबवावी लागते, घाई केली तर मेंदूतली सूज वाढून पेशंट जातो. दादाच्या क्रिप्टोस्पोरिडियममध्ये बरोबर उलटं, एआरटी जितकी लवकर तितकं बरं. तेव्हा कोणी क्रिप्टो म्हणालं तर कुठला ते विचारून घ्या.

आणखी एक, बारीक वाटेल पण त्याने घोळ होतो. आयर्न, कॅल्शियम, झिंकच्या गोळ्या आणि पोटातल्या आगीचं ते गुलाबी औषध, हे सगळं डोलुटेग्रॅव्हिरला आतड्यातच बांधून ठेवतं, ते रक्तात जात नाही. एआरटीची गोळी या सगळ्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर द्यायची. आतडं आधीच धड शोषत नाहीये, त्यात हे नको.

वेल्डरचे जुलाब पहिला आठवडाभर तसेच होते. रक्तस्राव नव्हता, ताप नव्हता, म्हणून लोपेरामाइड दिलं, त्याने संडासच्या खेपा कमी झाल्या. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास खेपा चार-पाचवर आल्या, महिना उलटल्यावर संडास घट्ट झाली. सहा महिन्यांनी सीडी४ १३० आणि वजन ५१. साधारण शंभरच्या पुढे गेलं की हा जंतू बहुतेकांना सोडतो, पण बघा, त्याचे जुलाब शंभर गाठायच्या आधीच कमी व्हायला लागले होते, कारण व्हायरस दबला की आहेत त्या पेशीही पुन्हा कामाला लागतात. तुम्ही पण दादाच्या बाबतीत तीन-चार दिवसांत फरक नाही म्हणून हॉस्पिटल बदलू नका, दिवस नाही आठवडे मोजायचेत.

खाण्याचं म्हणाल तर दूध काही दिवस बंद, अस्तर झिजलं की दूध पचवणारा घटक पण जातो आणि जुलाब वाढतात. मऊ भात, मुगाचं वरण, केळं, शहाळं, घट्ट विरजलेलं दही चालतं. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मात्र यात पोटॅशियम नसतं, म्हणून पाकीट मिळत असेल तर पाकीटच बरं.

एका गोष्टीवर लक्ष ठेवा. जुलाब कमी होतायत पण उजव्या बाजूला बरगडीखाली दुखतंय, उलटी होतेय, असं झालं तर लगेच सांगा. हा जंतू पन्नासच्या खालच्या सीडी४ मध्ये पित्ताच्या नळीत चढतो. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज खूप वाढलेलं दिसतं, कावीळ असेलच असं नाही, आणि सोनोग्राफीत नळी फुगलेली दिसते. कधीकधी दुर्बिणीने नळीचं तोंड मोकळं करावं लागतं.

आता शेजारच्या बेडवरचा टॉक्सो. हा जंतू वेगळ्या वाटेने जातो. क्रिप्टोस्पोरिडियम बाहेरून आलेलं असतं, टॉक्सोप्लाझ्मा बहुतेक वेळा माणसात आधीच असतो, कदाचित लहानपणापासून. कच्चट मटणातून किंवा मांजराच्या विष्ठेने खराब झालेल्या मातीतून, भाजीतून, पाण्यातून तो शिरतो, धडधाकट माणसाला काही कळतही नाही, फार तर मानेत गाठ येते आणि जाते. मग तो मेंदूत आणि स्नायूंत छोट्या छोट्या पिशव्या करून त्यात झोपतो, आणि त्या पिशव्या जन्मभर राहतात, त्या काढून टाकणारं औषध आजही नाही. एखादी पिशवी अधूनमधून फुटतेच. इंटरफेरॉन गॅमाचा तोच निरोप गेला की बाहेर पडलेले जंतू तिथल्या तिथे संपतात, आपल्याला डोकंही दुखत नाही. सीडी४ शंभरच्या खाली गेला की निरोप देणारं कुणी उरत नाही, मारणाऱ्या सीडी८ पेशीही सीडी४ च्या पाठबळाशिवाय दमून जातात, आणि फुटलेल्या पिशवीतला जंतू पटापट वाढत भोवतालचा मेंदू कुजवत जातो. म्हणून त्या माणसाला आधी डोकेदुखी, थोडा ताप, मग एक हात लुळा किंवा बोलणं अडखळणं, नाहीतर थेट फिट, असं झालं असणार.

एमआरआयमध्ये कडा चकाकणारे गोल डाग दिसतात, बहुधा अनेक, मेंदूच्या खोल भागात आणि करड्या-पांढऱ्या भागाच्या सीमेवर. अडचण ही की आपल्याकडे टीबीची गाठ पण अशीच दिसते, आणि एचआयव्हीत मेंदूचा लिंफोमा नावाचा कॅन्सर पण असाच दिसू शकतो. प्रत्येकाच्या मेंदूचा तुकडा काढून कोण बघणार. म्हणून सीडी४ शंभरच्या खाली, रक्तात टॉक्सोची आयजीजी, म्हणजे जुन्या लागणीची खूण, पॉझिटिव्ह आणि असे डाग, एवढं जुळलं की आम्ही टॉक्सो धरून इलाज सुरू करतो आणि पेशंटवर डोळा ठेवतो. टॉक्सो असेल तर बहुतेकांचा हात-पाय पहिल्या आठवड्यातच सुधारायला लागतो आणि दोन आठवड्यांत फरक नक्की कळतो, तेव्हा परत स्कॅन करून डाग आक्रसलेत का बघायचं. चौदा दिवसांत काहीच हललं नाही तर आपलं निदान चुकलंय असं धरून टीबी, लिंफोमा शोधायला लागायचं, गरज पडली तर बायोप्सी. आयजीजी निगेटिव्ह असेल किंवा एमआरआयवर एकच डाग असेल तर ही शंका पहिल्याच दिवशी मनात ठेवायची.

यात माती कालवतं ते स्टेरॉइड. सूज फार असेल, माणूस बेशुद्धीकडे जात असेल तर द्यावंच लागतं. पण फार सूज नसताना नुसतं बरं वाटावं म्हणून दिलं तर टॉक्सो असो, टीबी असो, लिंफोमा असो, चार दिवस सगळेच सुधारतात आणि ती चौदा दिवसांची परीक्षा फुकट जाते. रेफर होऊन आलेल्या पेशंटमध्ये हे मी खूप बघतो आणि खरं सांगायचं तर राग येतो.

टॉक्सोची चांगली बाजू अशी की याला औषध आहे. पुस्तकात पायरिमेथामिन आणि सल्फाडायाझिन पहिलं, सोबत फोलिनिक अ‍ॅसिड, नाहीतर रक्तातल्या पेशी घसरतात (साधं फोलिक अ‍ॅसिड नाही हं, ते जंतूलाच खायला घालण्यासारखं होतं). पण ही औषधं वेळेवर मिळत नाहीत, म्हणून सरकारीत बरेचदा कोट्रायमॉक्साझोलच वापरतो आणि ती चांगली चालते. डोस वजनावर, त्यातल्या ट्रायमेथोप्रिमचे किलोमागे ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. पन्नास किलोच्या माणसाला एका वेळेस २५० लागतात, डबल स्ट्रेंथ गोळीत १६० असतं, म्हणजे दीड गोळी सकाळी आणि दीड संध्याकाळी, निदान सहा आठवडे. नंतर कमी डोसवर ठेवतात कारण पिशव्या आत आहेतच. दुसऱ्या आठवड्यात अंगावर पुरळ येऊ शकतं, पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून रक्ततपासण्या चालू ठेवायच्या. एआरटी इथेही लांबवत नाहीत, दोन-तीन आठवड्यांत सुरू करतात.

आता तुमचा खरा घोर, दादालाही होईल का. दादाची टॉक्सो आयजीजी करून घ्या. ती पॉझिटिव्ह असेल तर जंतू आत झोपलेला आहे, आणि पन्नासच्या आसपासच्या सीडी४ वर काहीच गोळी नसेल तर वर्षभरात साधारण तिघांतल्या एकाचा मेंदू धरतो असा एआरटी यायच्या आधीचा अनुभव आहे. पण मघाची तीच कोट्रायमॉक्साझोल, डबल स्ट्रेंथ, रोज फक्त एक, हे बहुतांशी अडवते. शिवाय न्यूमोसिस्टिस नावाचा न्यूमोनिया अडवते, आणि आयसोस्पोराही बराचसा. सीडी४ ३५० च्या खाली असलेल्या सगळ्यांना एआरटी सेंटर ही गोळी देतं, त्यामुळे दादाच्या पाकिटात ती असायलाच हवी, नसेल तर आजच विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी कधी झाली असेल तर ते आधी सांगा.

मांजराचं सांगतो. आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर मांजर घालवून काही मिळवायचं नाही, जे यायचं ते येऊन गेलंय. निगेटिव्ह असेल तर काळजी घ्यायची, पण ती मांजराला कुरवाळण्याची नाही, त्याच्या विष्ठेची आणि कच्च्या मटणाची. मांजर पहिल्या लागणीनंतर दोन-तीन आठवडेच अंडी टाकतं, आणि ताज्या विष्ठेतली अंडी लगेच लागत नाहीत, पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ती घाण रोजच्या रोज दादा सोडून दुसऱ्या कुणीतरी काढायची, मांजराला कच्चं मटण घालायचं नाही, आणि दादाने बागेतल्या मातीत हात घातला तर साबणाने धुवायचे. मटण पूर्ण शिजलेलं.

पाण्यात मात्र कडक रहा. क्लोरीनचे थेंब, मेडिक्लोर, टाकीतली ब्लीचिंग पावडर यातलं काहीही क्रिप्टोस्पोरिडियमचं कवच फोडत नाही, मिलवॉकीचं पाणीही क्लोरीन मारलेलंच होतं. पाणी खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळायचं, झाकून गार करायचं, ओगराळ्याने घ्यायचं. चांगल्या स्थितीतला आरओ किंवा यूव्ही चालतो पण वर्षानुवर्षं न बदललेल्या फिल्टरवर मी तरी विसंबणार नाही. दात घासायलाही तेच पाणी. सॅनिटायझरने हा जंतू मरत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं, दादाची संडासची भांडी, चादरी हाताळणाऱ्याने तर दर वेळी. घरात गाय असेल आणि वासराला हगवण लागली असेल तर दादाला गोठ्यात जाऊ देऊ नका, हगवणीच्या वासरांत याच जातकुळीतला जंतू भरपूर असतो आणि तो माणसाला लागतो. घरातल्या कुणाला आठवडाभर जुलाब झाले तर घाबरू नका, तुमचे सीडी४ ते निस्तरतील, फक्त तोवर दादाचा स्वयंपाक दुसऱ्याने करायचा.

घरी गेल्यावर तीन गोष्टी दिसल्या तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही: लघवी खूप कमी होणं किंवा पाय उचलता न येणं, नव्याने सुरू झालेली सतत डोकेदुखी, आणि फिट किंवा एका बाजूचा हात-पाय ढिला पडणं. बाकी कोट्रायमॉक्साझोलची गोळी बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करायची नाही, सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा सीडी४ ३५० च्या वर आला की सेंटरवाले स्वतः थांबवतात, आणि ४१ वरून तिथे पोचायला बऱ्याच जणांना दोन-तीन वर्षं सहज लागतात.